एका बिटाचा रेकॉर्डर: परभणीतील डेल्टा-सिग्मा प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४

आमच्या प्रकल्पाचे उद्दिष्ट मर्यादित आहे. परभणीच्या आसपासच्या गावांतील भजनी मंडळे आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या वयस्कर बायका यांचे आवाज टिपण्यासाठी एक स्वस्त रेकॉर्डर बांधायचा आहे, आणि त्याच्या पोटातील एडीसी, म्हणजे अॅनालॉग आवाजाचे आकडे करणारा भाग, आतून समजून घ्यायचा आहे. तयार चिप विकत घेतली तर तिच्या आत काय घडते ते कळत नाही, म्हणून आधी पायथनमध्ये मॉडेल, मग ब्रेडबोर्ड आणि शेवटी खरा माइक असा क्रम ठरवला. माझ्याबरोबर अंकिता आहे. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत घरी आलेली आहे.

आजचे काम कागदावरचे होते. श्राव्य आवाजासाठी ४८ किलोहर्ट्झ हा सॅम्पलिंगचा वेग पुरतो, पण डेल्टा-सिग्मा एडीसी त्याच्या ६४ पट, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो आणि दर वेळी फक्त एकच बिट देतो. सिग्नल अधिक की उणे, एवढेच तो बिट सांगतो. इतक्या ठोकळ मोजणीतून बारकावा कुठून येतो, हा मूळ प्रश्न आहे.

नुसत्या वेगाने मोजल्यामुळे किती फायदा होतो ते आधी पाहिले. क्वांटायझेशनची, म्हणजे खरे मूल्य ठोकळ आकड्यात बसवताना होणारी त्रुटी यादृच्छिक आहे असे धरले, तर तिची एकूण ताकद ठरावीक असते आणि ती शून्यापासून सॅम्पलिंग वेगाच्या निम्म्यापर्यंत सारखी पसरते. वेग दुप्पट केला की तोच नॉइज दुप्पट रुंदीत पसरतो, आपल्या २४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्यातला निम्माच उरतो आणि सिग्नल व नॉइज यांचे गुणोत्तर ३ डेसिबलने सुधारते. एका बिटाचे मूळ गुणोत्तर ७.८ डेसिबल आहे. ६४ पट वेगाने त्यात १८ डेसिबलची भर पडते आणि आपण २५.८ पर्यंत पोहोचतो, म्हणजे साधारण चार बिटांच्या दर्जापर्यंत. याच वाटेने सोळा बिट गाठायचे ठरवले तर वेग ४८ किलोहर्ट्झच्या सुमारे १०७ कोटी पट, म्हणजे साडेएक्कावन्न लाख कोटी हर्ट्झ ठेवावा लागेल. असे घड्याळ कोणाकडेही नाही.

शिवाय त्या हिशेबात त्रुटी यादृच्छिक असल्याचे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात आत येणारे व्होल्टेज ०.४ वर स्थिर असेल तर नुसता एक बिट कितीही वेगाने घेतला तरी उत्तर दर वेळी "अधिक" असेच येईल, आणि लाखो बिटांची सरासरी काढली तरी ती १ च येईल, ०.४ येणार नाही. त्यामुळे ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे गरजेच्या कितीतरी पट वेगाने मोजणे, आवश्यक असले तरी एकटे पुरेसे नाही.

८ जून

आज प्रथम क्रमाचा, म्हणजे एकच इंटिग्रेटर असलेला मॉड्युलेटर हाताने चालवून पाहिला; एडीसीतला बिट देणारा भाग तो हाच. रचना अशी आहे: आत आलेल्या मूल्यातून मागचा बिट (अधिक १ किंवा उणे १) वजा करायचा, उरलेला फरक इंटिग्रेटरमध्ये साठवायचा, आणि साठा शून्य किंवा त्याहून अधिक असेल तर पुढचा बिट अधिक, नाहीतर उणे द्यायचा. किराणा दुकानदार जसा सुट्ट्या पैशांचा फरक वहीत मांडून पुढच्या खेपेला ओढतो, तसा हा इंटिग्रेटर प्रत्येक चुकीचा हिशेब पुढे नेतो.

आत ०.४ ठेवले आणि साठा शून्यापासून सुरू केला. पहिला बिट अधिक, साठा उणे ०.६. दुसरा उणे, साठा ०.८. तिसरा अधिक, साठा ०.२. चौथा अधिक, साठा उणे ०.४. पाचवा उणे, साठा १.०. पुढे अधिक, अधिक, उणे, अधिक, अधिक असे बिट आले आणि दहाव्या बिटाला साठा बरोबर शून्यावर आला. दहा बिटांत सात अधिक आणि तीन उणे, म्हणजे बेरीज ४ आणि सरासरी ०.४. कालपर्यंत जे व्होल्टेज एका बिटाला दिसतच नव्हते, ते आता बिटांच्या गर्दीत नेमके उतरले.

यामागचे कारण मला महत्त्वाचे वाटते. इंटिग्रेटरमधला साठा म्हणजे आजवर आत आलेल्या सगळ्या मूल्यांची बेरीज वजा आजवर बाहेर गेलेल्या सगळ्या बिटांची बेरीज. फीडबॅकमुळे हा साठा ठरावीक मर्यादेबाहेर कधीच जात नाही. त्यामुळे कितीही बिट घेतले तरी एकूण चूक वाढत नाही, आणि सरासरी काढताना तीच मर्यादित चूक अधिकाधिक बिटांत विभागली जाते. एकेका बिटाची चूक प्रचंड असते. बेरजेची चूक मात्र बांधलेली असते.

१५ जून

बीजगणितात मांडले तर बाहेरचा बिट म्हणजे मागचे इनपुट, अधिक आताची त्रुटी, वजा मागची त्रुटी.

```
y[n] = x[n-1] + e[n] - e[n-1]
```

सिग्नल एका सॅम्पलच्या विलंबाखेरीज जसाच्या तसा जातो. त्रुटीचा मात्र फक्त फरक बाहेर पडतो. त्रुटीचा जो भाग सावकाश बदलतो, त्याच्या लगतच्या दोन किमती जवळजवळ सारख्या असतात आणि त्या एकमेकींना खोडतात. जो भाग झपाट्याने बदलतो, त्यात मागची आणि आताची किंमत विरुद्ध चिन्हांच्या असतात, आणि वजाबाकीत त्या उलट वाढतात. हेच नॉइज शेपिंग.

३.०७२ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर १ किलोहर्ट्झला ही वजाबाकी त्रुटीला सुमारे ५४ डेसिबलने दाबते, २० किलोहर्ट्झला २८ डेसिबलने, आणि १.५ मेगाहर्ट्झच्या टोकाला ती ६ डेसिबलने वाढवते. पायथनमध्ये स्पेक्ट्रम काढला तेव्हा नॉइजची रेघ डावीकडे खोल उतरलेली आणि उजवीकडे चढत गेलेली स्पष्ट दिसली. आता वेग दुप्पट केला की ३ ऐवजी ९ डेसिबल मिळतात: तीन पसरण्यामुळे आणि सहा या उतारामुळे. ६४ पट वेगाला सूत्र ५६.८ डेसिबल सांगते, म्हणजे साधारण नऊ बिट.

अंकिताने येथे योग्य जागी बोट ठेवले. ती म्हणाली, "सर, आवाजाच्या पट्ट्यातला नॉइज कमी झाला, पण एकूण नॉइज वाढलाच की." तसेच आहे. दोन असंबद्ध त्रुटींची वजाबाकी केली की ताकद दुप्पट होते. फीडबॅक नॉइज नष्ट करत नाही. तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून उचलून वर ढकलतो आणि त्या हलवण्याची किंमत म्हणून एकूण नॉइज वाढवतो. वर ढकललेला हा नॉइज पुढे कोणीतरी कापावाच लागतो, आणि तो भाग आम्ही अजून लिहिलेलाच नाही.

इतिहासाची नोंद येथेच करून ठेवतो. त्रुटी मागे फिरवून तिचा आकार बदलण्याची कल्पना कटलर यांच्या १९५४ साली दाखल झालेल्या पेटंटमध्ये आहे, आणि आज आपण ज्या रूपात डेल्टा-सिग्मा ओळखतो ते इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये टोकियोहून मांडले. पुढचे डिजिटल फिल्टर स्वस्तात चिपवर बसवता येईपर्यंत ही पद्धत आवाजासाठी फारशी वापरात येऊ शकली नाही, आणि अंकिताच्या शंकेतूनच त्याचे कारण कळते.

२२ जून

ब्रेडबोर्डवर प्रथम क्रमाचे सर्किट उभे केले. एक ऑप-अॅम्प इंटिग्रेटर म्हणून आणि 74HC74 हा फ्लिप-फ्लॉप कम्पॅरेटर व घड्याळ दोन्हींच्या जागी. १२.२८८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरला १६ ने भागून ७६८ किलोहर्ट्झ घेतले, कारण ब्रेडबोर्डच्या तारांवर आणि आमच्या ऑप-अॅम्पवर ३ मेगाहर्ट्झचा भरवसा नव्हता. वीज दुपारभर ये-जा करत होती, म्हणून सगळे पॉवर बँकेवर चालवले. फ्लिप-फ्लॉपच्या बिटांपुढे साधा आरसी फिल्टर लावून हेडफोन जोडला.

इनपुट जमिनीला, म्हणजे आमच्या बाबतीत अडीच व्होल्टच्या मध्यबिंदूला जोडले होते, त्यामुळे शांतता अपेक्षित होती. ऐकू आली ती बारीक, कर्कश शीळ. ऑफसेटचा ट्रिमर हळूहळू फिरवला तसा तिचा स्वर उतरत गेला, मग ती नुसती टकटक झाली आणि नाहीशी झाली, आणि तसेच पुढे फिरवल्यावर दुसऱ्या बाजूने पुन्हा चढू लागली. सोल्डरिंग गनची ऊब ऑप-अॅम्पजवळ नेली तरी स्वर सरकत होता.

या शिळेचा हिशेब नेमका लागतो. इनपुट अगदी शून्य असेल तर बिट अधिक, उणे, अधिक, उणे असे आलटून पालटून येतात, आणि त्यांची वारंवारता घड्याळाच्या निम्मी, म्हणजे कानापलीकडे असते. इनपुटमध्ये थोडा ऑफसेट असला तर ठरावीक अंतराने एक जास्तीचा "अधिक" घालावा लागतो. ऑफसेट पूर्ण पल्ल्याच्या x पट असेल तर हे जास्तीचे बिट सेकंदाला x गुणिले घड्याळ इतक्या वेळा येतात. आमचा पल्ला अधिक-उणे अडीच व्होल्टचा आहे, म्हणून ५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.००२, आणि ७६८ किलोहर्ट्झवर त्याची वारंवारता १५३६ हर्ट्झ. दर मिलिव्होल्टला स्वर सुमारे ३०७ हर्ट्झने सरकतो. सामान्य ऑप-अॅम्पचा ऑफसेट काही मिलिव्होल्टचा असतोच, म्हणजे शीळ हमखास ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडते. तिची उंची ऑफसेटच्या दुप्पट, म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या ४८ डेसिबल खाली असते, आणि तिचे वरचे स्वरही जवळपास तितक्याच उंचीचे असतात. म्हणून ती गोड न वाटता कर्कश वाटते.

३ जूनच्या नोंदीतले "त्रुटी यादृच्छिक आहे" हे गृहीतक येथे मोडते. स्थिर किंवा अतिशय मंद इनपुटला प्रथम क्रमाच्या मॉड्युलेटरची त्रुटी यादृच्छिक नसून आवर्ती असते, आणि आवर्ती त्रुटी खरखरीसारखी न ऐकू येता सुरासारखी ऐकू येते. एखाद्या एडीसीत हा दोष आहे का ते ओळखण्याची खूण हीच: इनपुट बंद ठेवून अगदी छोटे डीसी व्होल्टेज बदलायचे आणि त्याबरोबर सरकणारा स्वर आहे का ते ऐकायचे. वीजपुरवठ्याची गुणगुण किंवा घड्याळाची गळती अशी सरकत नाही. दोन ओव्यांच्या मधल्या शांततेत अशी शीळ आली तर ते ध्वनिमुद्रण ठेवण्याच्या लायकीचे राहणार नाही, म्हणून प्रथम क्रम आम्ही येथेच सोडला.

३० जून

द्वितीय क्रम. एकापुढे एक असे दोन इंटिग्रेटर आणि दोघांनाही त्याच बिटाचा फीडबॅक. बोझर आणि वूली यांनी १९८८ मध्ये वापरलेली, दोन्ही ठिकाणी निम्मा गेन असलेली मांडणी घेतली. तिच्यात दोन्ही इंटिग्रेटर एकेका घड्याळाचा विलंब घेतात आणि त्यांचे साठे आवाक्यात राहतात.

```python
def dsm2(x):
    a = b = 0.0
    y = np.empty(len(x))
    for n in range(len(x)):
        v = 1.0 if b >= 0 else -1.0
        y[n] = v
        b += 0.5 * (a - v)
        a += 0.5 * (x[n] - v)
    return y
```

आता त्रुटीचा फरक नव्हे, तर फरकाचाही फरक बाहेर पडतो. १ किलोहर्ट्झला दाब सुमारे १०८ डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला साडेपंचावन्न. त्याबदल्यात वरच्या टोकाला १२ डेसिबलची वाढ होते आणि एकूण नॉइजची ताकद सहा पट होते. वेग दुप्पट केला की १५ डेसिबल मिळतात, आणि ६४ पटीला सूत्राप्रमाणे ८५ डेसिबल, म्हणजे चौदा बिटांच्या जवळ. निम्म्या पल्ल्याचा १ किलोहर्ट्झचा सूर देऊन मोजले तर गुणोत्तर सूत्रापेक्षा काही डेसिबल कमीच येते. सूत्र क्वांटायझरचा, म्हणजे साठ्यावरून बिट ठरवणाऱ्या भागाचा, गेन ठरावीक धरते. पण एका बिटाच्या क्वांटायझरला स्वतःचा ठरावीक गेन नसतो, तो आत येणाऱ्या साठ्याच्या आकारावर अवलंबून असतो, आणि त्यामुळे नॉइजचा प्रत्यक्ष आकार कागदावरच्या आकारापेक्षा थोडा वेगळा होतो. शिळेचा त्रास पुष्कळ कमी झाला, कारण दोन साठ्यांच्या गुंतागुंतीमुळे बिटांचे साचे सहज पुनरावृत्त होत नाहीत. तो पूर्णपणे मात्र गेलेला नाही.

या क्रमाची खरी मर्यादा मोठ्या आवाजाला दिसते. प्रथम क्रमात साठा पल्ल्याच्या आतल्या कोणत्याही इनपुटला बांधलेला राहतो. द्वितीय क्रमात इनपुट १ च्या जवळ गेले की b हा साठा झपाट्याने फुगतो, अधिक बिटांच्या लांब रांगा लागतात आणि त्या काळात क्वांटायझरला बारकाव्याची काहीच मोकळीक उरत नाही. आलेखावर नॉइजची खोल दरी भरून येताना दिसते. आम्ही इनपुट ०.७ च्या आत, म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या ३ डेसिबल खाली ठेवायचे ठरवले. पखवाजाची थाप अचानक येते आणि भजनाच्या सरासरी पातळीच्या कितीतरी वर जाते, त्यामुळे पातळी आवाजावरून नव्हे, थापेवरून लावावी लागेल.

तिसरा क्रम याच सरळ पद्धतीने एका बिटावर चालत नाही. वरच्या टोकाची वाढ प्रथम क्रमात दुप्पट, द्वितीयात चौपट, तर तृतीयात आठपट होते, आणि इतका नॉइज पोटात घेऊन एका बिटाचा फीडबॅक साठ्यांना आवरू शकत नाही. ते सुटतात आणि परत येत नाहीत. म्हणून उच्च क्रमाच्या मॉड्युलेटरमध्ये नॉइजचा चढ मुद्दाम सौम्य केला जातो आणि वरच्या टोकाची वाढ साधारण दीडपटीवर रोखली जाते. खालचा दाब त्यामुळे थोडा कमी होतो, पण लूप स्थिर राहतो.

७ जुलै

गेला आठवडा डेसिमेशनवर गेला, आणि या प्रकल्पातला सर्वांत शिकवणारा भाग मला हाच वाटला. ३.०७२ मेगाहर्ट्झचे एकेक बिट ४८ किलोहर्ट्झच्या पूर्ण संख्यांत आणायचे आहेत. नुसते दर ६४ वे बिट उचलले तर वर ढकललेला सगळा नॉइज दुमडून आवाजाच्या पट्ट्यात परत येईल आणि मॉड्युलेटरची सगळी मेहनत वाया जाईल. म्हणून आधी फिल्टर, मग कपात. पहिल्या टप्प्यासाठी होगेनाउअर यांनी १९८१ मध्ये मांडलेला सीआयसी फिल्टर घेतला, कारण त्यात गुणाकार अजिबात नाहीत. फक्त बेरजा आणि वजाबाक्या आहेत.

```python
def cic(y, R, N):
    s = y.astype(np.int64)
    for _ in range(N):
        s = np.cumsum(s)
    s = s[R-1::R]
    for _ in range(N):
        s = np.diff(s, prepend=0)
    return s / R**N
```

येथे R म्हणजे कपातीचे प्रमाण आणि N म्हणजे फिल्टरचा क्रम. एकदम ६४ ने कपात केली तर क्रम ३ असताना २० किलोहर्ट्झचा सिग्नल स्वतःच ८ डेसिबलने खाली येतो. म्हणून सीआयसीने फक्त १६ ने कपात करून १९२ किलोहर्ट्झवर आणले, जिथे ही घट अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी असते, आणि पुढचे २ आणि २ हे टप्पे साध्या एफआयआर फिल्टरांवर सोपवले.

प्रश्न होता N किती ठेवायचा. पुस्तकी नियम सांगतो की तो मॉड्युलेटरच्या क्रमाहून एकने जास्त हवा. नियम पाठ करण्यापेक्षा N = 2 आणि N = 3 दोन्ही चालवून पट्ट्यातला नॉइज मोजला, आणि त्याचे कारण कागदावर काढले.

N = 2 असताना फिल्टरच्या छेदात फरकाचा फरक येतो, आणि मॉड्युलेटरच्या नॉइजमध्येही नेमका तोच फरकाचा फरक अंशात आहे. ते दोघे एकमेकांना पूर्ण खोडतात. उरतो तो १६ सॅम्पल अंतरावरच्या त्रुटींचा फरकाचा फरक. त्याचा स्पेक्ट्रम दर १९२ किलोहर्ट्झला जशाच्या तसा पुन्हा येतो, आणि कपात करताना असे सगळे पट्टे एकावर एक दुमडतात. आवाजाच्या पट्ट्यातला मूळ नॉइज एक आणि वरून दुमडलेले पंधरा, सगळे सारख्याच उंचीचे. म्हणजे नॉइज सोळा पट, बारा डेसिबलचा तोटा. २० किलोहर्ट्झला आकडे घालून पाहिले तर ते डोळ्यांना दिसते. मूळ नॉइजवर तिथे ५५.५ डेसिबलचा दाब असतो. १७२ किलोहर्ट्झवरचा जो नॉइज दुमडून त्याच जागी येतो, त्याला मॉड्युलेटरने फक्त १८ डेसिबलने दाबलेले असते आणि N = 2 च्या फिल्टरने आणखी साडेसदतीसने; बेरीज पुन्हा साडेपंचावन्नच. पायथनच्या मोजमापातही फरक बाराच्या आसपासच आला.

N = 3 केला की प्रत्येक दुमडलेल्या पट्ट्यावर आणखी एक दाब पडतो. १७२ किलोहर्ट्झवरून येणारा नॉइज आता मूळच्या साडेअठरा डेसिबल खाली राहतो, २१२ वरून येणारा वीस डेसिबल खाली, आणि त्यापुढचे आणखी खाली. पंधराही पट्टे मिळून २० किलोहर्ट्झला फक्त ०.१५ डेसिबलची भर घालतात, आणि त्याखालच्या वारंवारतांवर त्याहूनही कमी. एका जास्तीच्या बेरीज-वजाबाकीच्या जोडीने बारा डेसिबल, म्हणजे दोन पूर्ण बिट वाचले.

हा दोष फसवा आहे, म्हणून तो ओळखायचा कसा तेही लिहून ठेवतो. N = 2 असतानाही सूर स्वच्छ ऐकू येतो, विकृती नसते, आणि स्पेक्ट्रमचा आकारही ओळखीचाच दिसतो; फक्त सगळी नॉइजची रेघ थोडी वर असते. तिच्याकडे नुसते पाहून काहीच संशय येत नाही. मॉड्युलेटरच्या मूळ बिटांचा स्पेक्ट्रम आणि डेसिमेशननंतरचा स्पेक्ट्रम एकाच मोजपट्टीवर एकमेकांवर ठेवले, तरच अंतर दिसते. दोन्ही आलेख आता आम्ही प्रत्येक बदलानंतर काढतो.

१३ जुलै

छोटी नोंद. सीआयसीच्या पहिल्या भागातील बेरजा अनिर्बंध वाढतात आणि कधीतरी शब्दाच्या लांबीबाहेर जाऊन उलट्या फिरतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. टू-ज कॉम्प्लिमेंट अंकगणितात पुढच्या वजाबाक्या ते फिरणे अचूक उलटवतात, एकच अट आहे: अंतिम उत्तर शब्दात मावले पाहिजे. १६ ने कपात आणि क्रम ३ यांना उत्तर अधिक-उणे ४०९६ च्या पल्ल्यात येते, म्हणून १४ बिट पुरतात. मात्र फ्लोटिंग पॉइंटमध्ये हेच केले तर बेरजा वाढत जातील तसे खालचे बिट हळूहळू झिजतात आणि लांब ध्वनिमुद्रणात उत्तर बिघडत जाते. म्हणून येथे पूर्णांकच ठेवायचे.

२१ जुलै

आज खरा माइक जोडला. हा मेम्स प्रकारचा पीडीएम माइक आहे, त्याला ३.०७२ मेगाहर्ट्झचे घड्याळ दिले की तो थेट डेल्टा-सिग्माचे बिट बाहेर देतो. म्हणजे मॉड्युलेटर माइकच्याच पत्र्याच्या डबीत आहे आणि डेसिमेशन आपले.

डेटाशीटवरून आधी हिशेब मांडला. ९४ डेसिबल ध्वनिदाबाला हा माइक पूर्ण पल्ल्याच्या २६ डेसिबल खालचे आउटपुट देतो, आणि त्याच पातळीला त्याचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर ६४ आहे. म्हणजे माइकचा स्वतःचा नॉइज पूर्ण पल्ल्याच्या ९० डेसिबल खाली. आमचा द्वितीय क्रमाचा मॉड्युलेटर कागदावरही ८५ वर थांबतो, तेव्हा येथे तो माइकपेक्षा जास्त नॉइज घालेल. म्हणूनच अशा माइकांत सहसा चौथ्या क्रमाचा, वरचा चढ सौम्य केलेला मॉड्युलेटर असतो.

येथेच N चा प्रश्न परत उभा राहिला. चौथ्या क्रमाचा नॉइज आवाजाच्या पट्ट्यात फार खोल असतो, पण वर तो लवकर चढतो आणि शंभर-दोनशे किलोहर्ट्झच्या भागात जवळजवळ न दाबलेलाच असतो. १७२ किलोहर्ट्झवर N = 3 चा सीआयसी त्याला फक्त ५६ डेसिबलने दाबतो. आमच्या मॉड्युलेटरला ते पुरत होते, कारण तिथे मूळ नॉइजही ५५.५ वरच होता आणि मॉड्युलेटरने स्वतः आणखी १८ दिले होते. या माइकच्या बाबतीत तो दुमडलेला नॉइज मूळच्या कितीतरी वर येईल, आणि तोही पट्ट्याच्या वरच्या टोकाला, जिथे टाळांचा किणकिणाट असतो. N = 5 केला की तोच दाब ९४ डेसिबल होतो.

रात्री घरातले पंखे बंद करून दोन्ही फिल्टरांनी तेच बिट चालवले. N = 3 च्या आलेखात १० किलोहर्ट्झनंतर नॉइजची रेघ उजवीकडे उचललेली होती. N = 5 मध्ये तो चढ गेला आणि माइकच्या स्वतःच्या नॉइजचा आकार उरला. अंकिताने विचारले, "याच्याही पुढे, N सात केला तर?" उपयोग नाही, कारण आता मर्यादा मॉड्युलेटरची किंवा फिल्टरची नसून माइकच्या पडद्यावर आदळणाऱ्या हवेची आणि त्यामागच्या अॅनालॉग सर्किटाची आहे, तिथला नॉइज सिग्नलबरोबरच आत येतो आणि कोणताही लूप त्याला वेगळा काढू शकत नाही.

N = 5 कायम केला आहे. त्याला २२ बिटांचे शब्द लागतात, ते ३२ बिटांत आरामात मावतात. २० किलोहर्ट्झला होणारी ०.७८ डेसिबलची घट शेवटच्या एफआयआर फिल्टरमध्ये भरून काढायची आहे, आणि फाइल २४ बिटांत लिहायची आहे, जेणेकरून पातळी थापेवरून लावल्यावर खाली राहिलेला ओवीचा आवाज पुढे वाढवताना त्यात फाइलचा नॉइज मिसळणार नाही.